मेलमध्ये पाणी किती फुटांवर लागतं?

*नमस्कार ताई,*

*मी भूविज्ञानात एम.एस्सी. केलंय. अकरा वर्षं बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत बोअर-विहिरींसाठी पॉइंट काढून देतो. यंत्र लावून सर्वे करतो, नारळ घेऊन फिरत नाही. उन्हाळ्यात पाण्यावर बोलणारे पाहुणे पॉडकास्टवर येतात, पेपरात त्यांची मतं छापून येतात, त्यातल्या निम्म्यांनी बोअरची गाडी जवळून पाहिलेली नसते. आपण बोलावं असं वाटलं म्हणून जानेवारीत तीस-पस्तीस पॉडकास्टना आणि काही पत्रकारांना मेल केला. एकाचंच उत्तर आलं, मुलाखतीसाठी पंधरा हजार रुपये भरा म्हणून. मेल सोबत जोडतोय. माझं काय चुकतंय? की ओळख असल्याशिवाय हे होतच नाही?*

*— एक भूवैज्ञानिक, बीड*

नमस्कार दादा,

मेल वाचला. फोनवर वाचला, कारण ज्यांना तुम्ही तो पाठवलात तेही फोनवरच वाचतात. विषयाच्या ओळीत आहे ‘पॉडकास्टसाठी सहकार्याबाबत’. मग शिक्षण, मग अनुभव, मग तीन सत्कार, मग सर्वेक्षणाच्या यंत्राचं नाव, मग ‘जलसंधारण, भूजल, पर्यावरण, हवामान बदल, शेती अशा कोणत्याही विषयावर बोलू शकतो’. सहा वेळा अंगठा वर सरकवल्यावर अगदी तळाला एक वाक्य येतं: ‘अकरा वर्षांत दिलेल्या प्रत्येक पॉइंटची नोंद माझ्या वहीत आहे, कुठल्या खडकात किती फुटांवर पाणी लागलं आणि ते किती दिवस टिकलं.’

तुमचा पॉइंट तिथे आहे, आणि वाचणारा तिथवर पोहोचत नाही. मी आधी पंधरा वर्षं पेपरच्या डेस्कवर होते, आता एका पॉडकास्टसाठी पाहुणे शोधते. दोन्हीकडे मेल उघडताना डोक्यात एकच प्रश्न असतो, हा माणूस नेमकं काय सांगणार? शिक्षण आणि सत्कार नंतर लागतात, खात्री करायला. ‘कोणत्याही विषयावर बोलू शकतो’ हे वाक्य तर काढूनच टाका. त्यातून फक्त एवढंच कळतं की कुठला भाग करायचा हे तुम्ही ठरवलेलं नाही आणि ते काम आमच्यावर सोडलंय.

तेव्हा ओळखीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. ओळखीने फोन उचलला जातो हे खरं. पण उचलल्यावर पहिल्या मिनिटात काय बोलणार, हा प्रश्न तसाच उरतो.

वहीवरून मेल कसा करायचा ते पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे आणि थरावर थर चढलेल्या या खडकात पाणी कुठे साठतं हे तुम्ही झोपेतही सांगाल: वरचा झिजलेला भाग, मुरूम, मांजऱ्या खडक, भेगा, दोन थरांमधली जागा. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच नाही. दुसरीकडे राज्याचा २००९ चा भूजल कायदा शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला आडकाठी करतो. आणि गावात गाडी सातशे फुटांवरही थांबत नाही. ऐकणाऱ्याच्या घरचा प्रश्न इथे आहे: शेजाऱ्याने सातशे फूट मारलं, मी काय करू? एका भागाला हा विषय पुरतो.

फक्त एक गोष्ट सांभाळा. तुमच्या मेलमध्ये एके ठिकाणी लिहिलंय, ‘२०० फुटांखाली पाणी नसतं’. असं लिहू नका. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे की खोलवरच्या भेगेत पाणी लागतं, कधी जोरातही लागतं. अडचण टिकण्याची असते, कारण तिथवर पावसाचं पाणी झिरपायला फार वेळ लागतो. आता हे वाक्य कार्यक्रमात गेलं असं धरा. सहाशे फुटांवर पाणी लागलेला कोणीतरी प्रत्येक गावात असतोच, आणि तो खाली लिहितो, ‘साहेब, माझ्याकडे या’. पुढच्या पाऊण तासात तुम्ही जे खरं सांगितलंत तेही त्याबरोबर वाहून जातं. मुलाखत घेणाऱ्यालाही हे कळतं. मेलमध्ये असं गुळगुळीत वाक्य दिसलं की मी तो मेल मिटते, कारण हा माणूस उद्या रेकॉर्डिंगला दहा गोष्टी अशाच ठोकून देईल अशी भीती वाटते. उलट ‘लागतं, पण किती दिवस टिकतं ते माझ्या वहीत आहे’ असं कोणी लिहिलं तर मी लगेच फोन करीन.

मी लिहिला असता तर मेल असा झाला असता. रिकामी जागा तुम्ही भरायची आहे.

*विषय: सातशे फुटांवर लागलेलं पाणी किती दिवस टिकतं? माझ्या वहीतल्या नोंदी*

*नमस्कार. तुमच्या दुष्काळावरच्या भागात एक शेतकरी म्हणाले, ‘आता बोअर हजार फुटांवर गेलेत’, आणि विषय तिथेच संपला. त्याच्या पुढचं मी सांगू शकतो. बीड जिल्ह्यात मी अकरा वर्षं बोअर-विहिरींचे पॉइंट काढतोय आणि प्रत्येकाची नोंद ठेवतो. २०० फुटांखाली पाणी लागलेल्या माझ्या ____ बोअरपैकी ____ दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आटल्या. हे का होतं, कोणत्या खडकात होत नाही, आणि गाडी बोलावण्याआधी शेतकऱ्याने स्वतःच्या विहिरीचा काठ पाहून काय ओळखावं, हे मला सांगायला आवडेल. पॉइंट काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, ते कार्यक्रमात सांगायला माझी हरकत नाही. मी कसा बोलतो ते कळावं म्हणून एका पडक्या विहिरीजवळ उभं राहून केलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडलाय. फोन दुपारी एकनंतर लागतो, सकाळी रानात असतो.*

यात पदवी नाही. ती सहीखाली एका ओळीत येईल. ‘जलतज्ज्ञ’ मात्र लिहू नका. भूविज्ञानाची पदवी आहे तर ‘भूवैज्ञानिक’ लिहा, तेवढं तपासून पाहता येतं. जलतज्ज्ञ आपल्याकडे चौकाचौकात आहेत.

रिकाम्या जागांचं काम तेवढं कष्टाचं आहे. वही उघडा आणि मोजा. आठवणीतून आकडा देऊ नका, आठवण नेहमी आपल्या बाजूने झुकते. ज्या बोअरचं पुढे काय झालं हे माहीत नाही, त्या वेगळ्या काढा आणि किती आहेत तेही लिहा. आणि वाक्य कायम ‘माझ्या वहीतल्या बोअर’ असंच ठेवा. ‘मराठवाड्यातल्या बोअर’ म्हणालात की आकडा खोटा झाला, कारण तुमच्याकडे येतो तो बहुधा आधी एक-दोन बोअर फसलेला शेतकरी. ज्याला पहिल्याच फटक्यात पाणी लागलं तो तुमच्या वहीत कशाला येईल? ही गोष्ट स्वतःहून सांगितलीत तर चांगला मुलाखतकार त्यावरच पुढचा प्रश्न विचारतो आणि बोलणं रंगतं.

‘तुमच्या दुष्काळावरच्या भागात’ ही सुरुवात तो भाग खरंच ऐकला असेल तरच लिहा. पस्तीस ठिकाणी एकच मेल गेला की तो एकसारखा आहे हे लपत नाही. पस्तीसच्या जागी पाच निवडा. शेती, पाणी, ग्रामीण अर्थकारण यांवर नियमित भाग करणारे आणि पाहुण्याला पुरेसा वेळ बोलू देणारे पाहा. प्रत्येकाचे दोन भाग ऐका. कोणी त्याच विषयावर नुकताच पाहुणा आणला असेल तर त्याला आत्ता लिहू नका, किंवा त्या पाहुण्याचं कुठलं म्हणणं अपुरं राहिलं तेवढंच लिहा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि त्यात काहीतरी नवं असू द्या, एखाद्या बोअरचा फोटो किंवा तुमच्या भागातल्या विहिरींची आत्ताची पातळी. ‘माझा मेल पाहिलात का?’ एवढंच विचारलं की समोरच्याला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलेला माणूस उत्तर देत नाही. दोनदा लिहूनही शांतता असेल तर विषय सोडा.

पॉडकास्टचं काम सावकाश चालतं. भाग कित्येक आठवडे आधी ठरतात, म्हणून उन्हाळ्याचं बोलणं थंडी सरताना करावं लागतं. पत्रकाराचं घड्याळ वेगळं असतं, त्याला तुमची गरज पडते ती बातमी आलेल्या दिवशी, आणि पडते तेव्हा दोन तासांसाठीच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेव्हा मी डेस्कवर होते. लातूरच्या जमिनीखालचं पाणी गेलं कुठे, हे चार वाक्यांत सांगणारा माणूस आम्हाला संध्याकाळी सहा वाजता हवा होता. प्राध्यापकांचे फोन बंद. शेवटी एका बातमीदाराच्या फोनमध्ये कधीकाळी आलेला एका भूवैज्ञानिकाचा मेसेज सापडला, ‘भूजलाच्या बातमीत काही तपासायचं असेल तर रात्री दहापर्यंत फोन करा’. त्यांनी उचलला. पुढे कित्येक उन्हाळे आमच्याकडे त्यांचंच नाव छापून येत राहिलं. त्यांच्याहून विद्वान माणसं पुण्यात होती, पण फोन उचलणारे ते होते.

म्हणून पत्रकाराला ‘माझी मुलाखत घ्या’ असा मेल करू नका. आधी त्याच्या कामी या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि दर वेळी बातमी होते: ‘अमुक तालुक्यात भूजल पातळी एक मीटरने घटली’. घटली म्हणजे कशाच्या तुलनेत, हे बातमीत अनेकदा नसतंच. ती तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी असते. त्या पाचांत दोन वर्षं अतिवृष्टीची असली तर सरासरीच फुगलेली असते आणि बरं वर्षही तोट्यात दिसतं. दुष्काळाची असली तर उलट. हे तुम्हाला कळतं, बातमीदाराला रात्री आठ वाजता कळेलच असं नाही. बातमीवर ज्याचं नाव आहे त्याला शोधा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज करा:

*नमस्कार, भूजलाची आजची बातमी वाचली. ‘एक मीटरने घट’ ही पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत आहे, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यापेक्षा स्थिती बरी की वाईट ते त्यावरून कळत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर पुढची बातमी होईल असं वाटतं. मी बीडला भूवैज्ञानिक आहे, बोअरचे पॉइंट काढण्याचं काम करतो. रात्री दहापर्यंत फोन घेतो.*

‘तुमची बातमी चुकली’ हा सूर त्यात नको. चुकलेली असली तरी नको. आणि संध्याकाळी पानं लागत असताना हा मेसेज करू नका, तेव्हा तो शत्रूसारखा वाटतो. सकाळी अकराच्या आत गेला तर दिवसभराच्या बातम्या ठरवतानाच तो हाताशी येतो.

फोन आला की चार वाक्यांत सांगा आणि थांबा. पहिल्या वाक्यात उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात उदाहरण, चौथ्यात हे कुठे लागू नाही ते. पुढचं तो विचारील. ‘रोधकता’ म्हणालात तर त्याच दमात ‘जमिनीत वीज सोडून ती किती अडते ते मोजायचं’ हेही सांगा, नाहीतर छापताना तो शब्द जाईल किंवा त्याचं काहीतरी भलतंच होईल. फोन ठेवल्यावर आकडे मेसेजने पाठवा. डेस्कवर माझ्याच हातून एकदा एका पाहुण्याचे ६० मीटर ‘६० फूट’ झाले होते, दुसऱ्या दिवशी त्यांना गावभर उत्तरं देत फिरावं लागलं. त्यांनी लिहून पाठवलं असतं तर मी वाचलं असतं. त्यांची चूक नव्हती, पण त्रास त्यांनाच झाला.

छापायच्या आधी अख्खी बातमी दाखवा असं म्हणू नका, बहुतेक पेपरांत ते करत नाहीत आणि तुमचा फोन पुढच्या वेळी लागत नाही. ‘माझ्या तोंडी जे घालताय तेवढं एकदा वाचून दाखवा’ म्हटलेलं चालतं. नाव न घालता काही सांगायचं असेल, समजा तुमच्याच तालुक्यातल्या गाडीवाल्यांबद्दल, तर ते बोलण्याआधी ठरवून घ्या. बोलून झाल्यावर ‘हे नावाने छापू नका हं’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या चांगुलपणावर सगळं सोडणं. चांगुलपणा असतो, पण भरवशाचा नसतो.

आता पंधरा हजार. पाहुण्याकडून पैसे घेऊन होणारी मुलाखत ही जाहिरात आहे. धंद्यासाठी जाहिरात करायला हरकत काहीच नाही, पण मग ती जाहिरात म्हणूनच करा आणि तसं पडद्यावर लिहिलेलं असू दे. तज्ज्ञ म्हणून नाव व्हावं यासाठी ते पैसे वाया जातील. पुढे खऱ्या बातमीदाराने तुमचं नाव शोधलं की तीच मुलाखत आधी वर येईल, आणि कुठल्या जागी पाहुणे पैसे भरून बसतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पेपरच्या बाबतीत हे जरा गुंतागुंतीचं आहे. तालुक्याच्या गावी बऱ्याच ठिकाणी बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराकडेच जाहिरात गोळा करायचंही काम असतं. तुमचं मत छापून आल्यावर महिन्याभराने ‘वर्धापनदिनाच्या पुरवणीला एक छोटी जाहिरात द्या की’ असा फोन येईल. द्यायची असेल तर द्या, नसेल तर गोड बोलून नाही म्हणा, पण दोन्ही गोष्टी एका फोनवर बोलू नका. ‘जाहिरात देतो, तेवढी मुलाखत लावा’ असं तर तुमच्या तोंडून कधीच जायला नको. मुलाखत लागेल, पण जिल्हा कार्यालयात तुमचं नाव कायमचं जाहिरातदारांच्या यादीत बसेल.

वरच्या मेलमध्ये धंद्याचा उल्लेख मी मुद्दाम घातलाय. तुम्ही पॉइंट काढण्याचे पैसे घेता, म्हणजे बोअर या विषयात तुमचा हितसंबंध आहे. आपण सांगितलं तर ती माहिती असते, दुसऱ्याने शोधून काढलं तर ते प्रकरण होतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र धंदा एकदाच, सुरुवातीला येऊ द्या. आमच्याकडे एक पाहुणे पाण्यावर बोलायला आले आणि वीस मिनिटं स्वतःच्या यंत्राची मापं सांगत बसले. तो भाग आम्ही प्रसिद्धच केला नाही. त्यांना अजून वाटतं की तांत्रिक अडचण आली.

आवाजाचं थोडक्यात: पंखा बंद, खिडकी बंद, कपड्यांचं कपाट किंवा गाद्या असलेली खोली, कानात वायरचा माइक. रानातून रेकॉर्डिंग करायचा मोह होईल, वारा सगळं खाऊन टाकतो.

मेल पाठवण्याआधी एक काम उरतं, आणि मला वाटतं तुम्ही त्याचा विचार केलेला नाही. २०० फुटांच्या कायद्यावर बोलायला लागलात की कोणताही जागा मुलाखतकार विचारणार, ‘तुम्ही स्वतः सगळ्यात खोल पॉइंट किती फुटांचा दिलाय?’ मी तर पहिल्या पाच मिनिटांत विचारीन. अकरा वर्षांच्या वहीत दोनशेच्या पुढचे आकडे आहेत, नाहीतर वरचा मेलच लिहिता आला नसता. त्या वेळी ‘शेतकऱ्याने आग्रह धरला’ म्हणालात तर दोष शेतकऱ्यावर गेला आणि ऐकणारे तुमच्यापासून तुटले. ‘कायदा कोण पाळतंय’ म्हणालात तर मथळा तयार झाला. खरं काय आहे ते आधी स्वतःशी लिहून काढा: कोणत्या साली, कोणाच्या रानात, का दिला, त्या बोअरचं काय झालं, आणि आज द्याल का. त्यात कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं काही असेल तर ओळखीच्या वकिलाला आधी दाखवा. तो म्हणाला ‘यावर बोलू नका’, तर कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवा आणि फक्त पाणी टिकण्यावर बोला. विषय तेवढ्यानेही उभा राहतो. बोलता येत असेल तर मात्र तोच तुमच्या मुलाखतीचा सगळ्यात चांगला भाग होईल.

वही मोजून झाली की रिकाम्या जागांतले आकडे मलाही कळवा. माझ्या माहेरी, अंबाजोगाईजवळ, भाऊ चौथ्या बोअरच्या तयारीत आहे, गाडीवाल्याने साडेआठशे सांगितलेत.